धागा: इलेक्ट्रोड उशिरा आला, प्रोजेक्टची मुदत वाढवून मागायची आहे. सरांना मेल कसा लिहू?

रानजाई

नमस्कार मंडळी. मी एम.एस्सी. पर्यावरणशास्त्राच्या शेवटच्या सेमिस्टरला आहे, विदर्भातल्या एका कॉलेजात. माझा प्रोजेक्ट यवतमाळ जिल्ह्यातल्या दोन तालुक्यांतल्या ४० हातपंपांच्या पाण्यातल्या फ्लोराइडवर आहे. फ्लोराइड मोजायला लागणारा इलेक्ट्रोड आमच्या विभागात नव्हता. तो मागवला, ८ जानेवारीला खरेदीची ऑर्डर म्हणजे पीओ निघाली आणि पुरवठादाराने ५ फेब्रुवारीपर्यंत देतो असं लिहून दिलं. प्रत्यक्षात तो काल, २४ मार्चला हातात आला.

प्रोजेक्टचा कच्चा मसुदा सरांना १५ एप्रिलला द्यायचा आहे. विद्यापीठाला प्रती द्यायची तारीख ११ मे आहे. सर मराठीतच मेल लिहितात, म्हणून मीही मराठीतच लिहिलाय. पाठवायच्या आधी जरा बघाल का?

> विषय: मुदतवाढ मिळणेबाबत
>
> आदरणीय सर,
> सविनय विनंती की, माझ्या प्रोजेक्टसाठी मागवलेला इलेक्ट्रोड ४७ दिवस उशिरा आला. डिसेंबरमध्ये इंडेंटवर सही व्हायला तीन आठवडे लागले आणि नंतर पुरवठादारानेही उशीर केला. यात माझा काहीही दोष नाही. त्यामुळे माझे खूप नुकसान झाले असून मी मानसिक तणावाखाली आहे. तरी मला किमान दीड महिन्याची मुदतवाढ द्यावी, ही नम्र विनंती.
> आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी

अण्णा६२

बेटा, काळजी करू नकोस. पीएचडीला सहा वर्षं मिळतात, वरती पुनर्नोंदणी करून दोन वर्षं वाढवून घेता येतात आणि महिलांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे. यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीत स्पष्ट लिहिलंय. ते कलम जोडून अर्ज कर, कोणी नाही म्हणणार नाही.

रानजाई

अण्णा, धन्यवाद, पण माझी पीएचडी नाही, एम.एस्सी.चा एका सेमिस्टरचा प्रोजेक्ट आहे. मला तो नियम लागू होणार नाही.

शब्दसखा

मेलची भाषा जरा जड झालीय. 'सविनय', 'आज्ञाधारक' काढून टाक. 'माझा काहीही दोष नाही' हे तर नक्कीच काढ. तुझा दोष आहे असं कोणी म्हटलेलंच नाही, आणि न विचारता खुलासा दिला की वाचणाऱ्याला शंका येते. शिवाय मेल विभागप्रमुखांना आणि प्राचार्यांनाही सीसी कर, म्हणजे विषय दाबला जाणार नाही आणि निर्णय लवकर होईल.

बारव

शब्दसखांचा भाषेबद्दलचा मुद्दा बरोबर आहे, सीसीचा नाही. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काम केलं आणि पुढे एम.एस्सी.च्या मुलांना गाईडही केलं, म्हणून सांगतो. सरांच्या डोक्यावरून वरच्यांना मेल गेला की सरांना तुझी बाजू घेण्याऐवजी स्वतःची बाजू मांडावी लागते. विभागप्रमुखांना कळायला हवं हे खरं, पण ते सरांनी कळवायचं. तुझा मेल असा हवा की सर त्यात एक ओळही न बदलता तो पुढे पाठवू शकतील. इलेक्ट्रोड उशिरा आला हे सरांना माहीतच आहे, पीओवर त्यांचीच सही असेल. मग लेखी कशाला? तर उद्या मूल्यमापनाच्या बैठकीत 'हिला जास्त दिवस का दिले' असं कोणी विचारलं, तर दाखवायला कागद हवा, त्यासाठी.

आता मुख्य गोष्ट. तू ४७ दिवसांचा उशीर झाला म्हणून दीड महिना मागतेयस. हे गणितच चुकलंय. उशीर किती झाला याच्याशी मुदतीचा संबंध नाही, काम किती उरलंय याच्याशी आहे. १५ एप्रिलमध्ये दीड महिना मिळवला तर मे संपतो आणि विद्यापीठाची तारीख ११ मे. ती तारीख सरांच्या हातात नाही. जे सर देऊ शकत नाहीत ते मागितलं की उत्तर 'नाही' येणार आणि तिथेच विषय संपणार. सरांच्या हातात फक्त मसुद्याची तारीख आहे. त्यामुळे मला आधी सांग: नमुने कधी घेतले, कशात ठेवलेत, एक वाचन घ्यायला किती वेळ लागतो आणि मीटर तुला आठवड्यातून किती दिवस मिळतो?

रानजाई

सर, खूप आभार. नमुने १२ आणि १३ फेब्रुवारीला घेतले. विभागाची गाडी तेव्हाच मिळणार होती आणि इलेक्ट्रोड 'येतोच आहे' असं आठवडाभर ऐकत होते. सगळे प्लास्टिकच्या बाटल्यांत आहेत, काच वापरली नाही. मीटर बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकललाही लागतो, म्हणून आठवड्यातून तीनच दिवस मिळतो, ११ ते ५. वाचनाला किती वेळ लागतो ते अजून माहीत नाही, इलेक्ट्रोड कालच आलाय. एवढ्या दिवसांत मी चाळीसही नमुन्यांचा पीएच, विद्युतवाहकता, कठीणपणा आणि क्षारता मोजून झाली आहे. आणि पहिली दोन प्रकरणं लिहून झाली आहेत.

बारव

मग हे मेलमध्ये का नाही? सरांना सगळ्यात आधी हेच वाचायला हवं. थांबलेल्या दिवसांत तू काय केलंस ते लिहिलंस की 'माझा दोष नाही' हे लिहायची गरजच उरत नाही.

कासव_चाल

मला एक कळत नाही, इलेक्ट्रोडसाठी थांबलीसच का? तुमच्याकडे स्पेक्ट्रोफोटोमीटर असणारच. स्पॅड्न्सने रंग पाडून फ्लोराइड मोजता येतं, सरकारी प्रयोगशाळांतही ती पद्धत चालते. दोन दिवसांत चाळीस नमुने होतात. मुदतवाढ मागायचीच गरज नाही.

बारव

कासव_चाल, पद्धत मान्यताप्राप्त आहे यात वाद नाही. पण ती साधारण १.४ मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंतच चालते. त्या भागातल्या हातपंपांत फ्लोराइड बरेचदा त्याच्या वर जातं, मग प्रत्येक नमुना पातळ करून पुन्हा करावा लागतो. शिवाय पाण्यात क्षारता जास्त असली किंवा ॲल्युमिनियम असलं तर रंगाचं वाचन सरकतं, आणि मग आधी ऊर्ध्वपातन करावं लागतं. ते धरलं तर दोन दिवसांत होत नाही. रानजाईच्या मंजूर आराखड्यात इलेक्ट्रोड लिहिलेला असणार. पद्धत बदलायची तर त्यालाही परवानगी लागते. पाच-सहा नमुने स्पॅड्न्सने करून पडताळणी म्हणून जोडले तर मात्र चांगलं.

रानजाई

हो सर, आराखड्यात इलेक्ट्रोडच आहे.

बारव

तर आता तुझ्या नमुन्यांबद्दल. पाणी तपासणीच्या प्रमाण पद्धतींत फ्लोराइडच्या नमुन्यासाठी २८ दिवसांची मुदत आहे. १२ फेब्रुवारीचा नमुना १२ मार्चला त्या मुदतीबाहेर गेला. फ्लोराइड प्लास्टिकमध्ये बऱ्यापैकी टिकतं, त्यामुळे तुझे आकडे चुकतीलच असं मी म्हणत नाही. पण परीक्षक विचारणार, आणि तेव्हा 'टिकतं असं ऐकलंय' हे उत्तर चालणार नाही. माझा सल्ला असा: चाळीसपैकी दहा हातपंपांचं पाणी पुन्हा आण, जुनं आणि नवं शेजारी ठेवून मोज. आकडे जुळले तर जुने नमुने वापरायला तुझ्याकडे पुरावा आहे. इलेक्ट्रोड उशिरा आल्यामुळे वाढलेलं खरं काम हे आहे, आणि मुदत मागायचं तुझं सगळ्यात भक्कम कारणही हेच. तुझ्या मेलमध्ये त्याचा उल्लेखही नाही.

वेळेचा हिशेब मी सांगतो. २५ मिली नमुन्यात २५ मिली टिसॅब हे बफर द्रावण घालायचं, चुंबकी ढवळणीवर ठेवायचं, मिलिव्होल्टचा आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं, इलेक्ट्रोड धुऊन टिपून घ्यायचा. नवख्या हाताला एका वाचनाला आठ मिनिटं धर. चाळीस जुने, दहा नवे, प्रत्येकाची दोन वाचनं, म्हणजे १०० वाचनं. रोज सुरुवातीला प्रमाण द्रावणांवर कॅलिब्रेशनला पाऊण तास जातो, आणि मधेमधे प्रमाण द्रावण पुन्हा लावून बघायचं. एका दिवसात २५ वाचनं आरामात होतील. म्हणजे मीटरचे चार दिवस. पहिला एक दिवस इलेक्ट्रोड तपासायला, दोन दिवस फेरमोजणीला राखून ठेव. एकूण सात. आठवड्यातून तीन मिळतात, मधे एखादी सुट्टी येणार. आता तूच तारीख काढ.

रानजाई

२७ मार्चला सुरू केलं तर मोजणी १४ एप्रिलपर्यंत संपते. नवे नमुने २८-२९ मार्चला आणता येतील, माझ्या मामांची गाडी आहे. निकालाचं प्रकरण, नकाशा आणि चर्चा लिहायला बारा-तेरा दिवस. म्हणजे २७ एप्रिल. सर, मला बाराच दिवस हवे होते! मी दीड महिना मागत होते.

बारव

आणि २७ एप्रिल ते ११ मे हे दोन आठवडे सरांना वाचायला, तुला दुरुस्त्या करायला आणि बाइंडिंगला उरतात. हेही मेलमध्ये लिही. विद्यापीठाची तारीख हलणार नाही हे दिसलं की सरांना होकार द्यायला सोपं जातं.

सागरगोटा

माझा अनुभव सांगते. आमच्या एचपीएलसीचा कॉलम उशिरा आला होता. मी भीतभीत पाच दिवस मागितले, मिळाले. ते पुरले नाहीत, मग चार मागितले, मिळाले. तिसऱ्यांदा आठवडा मागायला गेले तेव्हा मॅडम एवढंच म्हणाल्या, "तुझं नक्की किती काम उरलंय, हे तुला तरी माहीत आहे का?" मला खरंच माहीत नव्हतं. कॉलम आला त्या दिवशी मी तो लावूनही पाहिला नव्हता, थेट मेल केला होता. लावला तेव्हा कळलं की दाब नको तेवढा चढतोय, आणि त्यातच आठ दिवस गेले. म्हणून सांगते, आधी इलेक्ट्रोड चालतोय का ते बघ, मगच मेल पाठव.

बारव

सागरगोटा, तपासायचं हे अगदी खरं. प्रमाण द्रावणं ०.१, १ आणि १० पीपीएमची करायची. दर दहापटीला मिलिव्होल्टमध्ये किती फरक पडतो तो उतार बघायचा. २५ अंशाला तो ५९ च्या आसपास हवा. एप्रिलमध्ये विदर्भातल्या प्रयोगशाळेत पंख्याखाली ३५ अंश असतात, तिथे सिद्धांताने ६१ येतो. म्हणून नमुने आणि प्रमाण द्रावणं एकाच तापमानाला आणून मगच मोजायचं, फ्रीजमधून काढलेली बाटली थेट लावायची नाही. उतार ५४ च्या खाली आला तर आधी टिसॅब आणि द्रावणं नव्याने करून बघ. तरीही सुधारला नाही तर इलेक्ट्रोडमध्येच दोष आहे.

पण मेल मात्र त्यासाठी अडवून ठेवू नकोस. आज २५ मार्च, १५ एप्रिलला अजून तीन आठवडे आहेत. तीन आठवडे आधी मागितलेली मुदत आणि दोन दिवस आधी मागितलेली मुदत यांत खूप फरक आहे. मेल आज पाठव आणि त्यातच लिही की इलेक्ट्रोडची तपासणी शुक्रवारी आहे, निकाल त्याच संध्याकाळी कळवते.

सागरगोटा

पटत नाही मला. तारीख दिली आणि दोन दिवसांत बदलावी लागली तर शब्द गेलाच ना? दोन दिवसांनी काय बिघडतं?

बारव

न तपासता ठाम तारीख दिली तर जाईल. तपासणीच्या अटीवर दिली तर नाही जात, असं माझं मत. तुमचा अनुभव वेगळा आहे, तो मी खोडत नाही.

स्टोअरची_खिडकी

मी एका कॉलेजात स्टोअर सांभाळतो. ताई, तुम्ही लिहिलंय 'काल आला'. चलानवर कोणती तारीख आहे ते बघून घ्या. पुष्कळदा पार्सल आमच्याकडे चार दिवस पडून असतं, तपासून स्टॉक रजिस्टरला चढवल्यावरच विभागाला जातं. चलानवर २० आणि मेलमध्ये २४ असं झालं तर कोणीतरी बोट ठेवेल. दोन्ही तारखा लिहा: कॉलेजात कधी पोचला आणि विभागात कधी मिळाला. पीओची प्रत आणि चलानची प्रत जोडा, रजिस्टरच्या पानाचा फोटो मागितला तर आम्ही देतो. आणि डिसेंबरमध्ये इंडेंट तीन आठवडे पडून होतं हे मेलमध्ये नका लिहू. ते कोणाच्या टेबलावर पडून होतं हे तुम्हाला ठाऊक नाही, कदाचित तुमच्या सरांच्याच.

कासव_चाल

खरं असेल तर का नाही लिहायचं? प्रत्येक वेळी विद्यार्थ्यानेच गिळायचं का? सहीला तीन आठवडे लागले हा सगळ्या उशिराचा मोठा भाग आहे.

स्टोअरची_खिडकी

लिहायला माझी ना नाही, पण वेगळा अर्ज करा, खरेदीच्या पद्धतीबद्दल. मुदतीच्या मेलमध्ये ते आलं की वाचणारा मुदतीचं विसरतो आणि त्या तीन आठवड्यांचं उत्तर शोधत बसतो.

रानजाई

चलान पाहिलं. कॉलेजात २३ ला पोचलं, विभागात २४ ला मिळालं. बरं झालं सांगितलंत, दादा. इंडेंटचं वाक्य काढलं. कासव_चाल, तुमचं म्हणणं मला मनातून पटतं, ते प्रोजेक्ट संपल्यावर वेगळं लिहीन. आता हा मेल बघा:

> विषय: फ्लोराइड प्रोजेक्ट – मसुद्याची तारीख १५ एप्रिलऐवजी २७ एप्रिल करण्याबाबत विनंती
>
> सर, नमस्कार.
>
> माझ्या प्रोजेक्टचा मसुदा १५ एप्रिलऐवजी २७ एप्रिलला देण्याची परवानगी मिळावी, अशी विनंती आहे. ११ मे या विद्यापीठाच्या तारखेत बदल लागणार नाही.
>
> फ्लोराइड इलेक्ट्रोडची पीओ ८ जानेवारीची असून पुरवठ्याची ठरलेली तारीख ५ फेब्रुवारी होती. तो २३ मार्चला कॉलेजात पोचला आणि २४ मार्चला विभागात मिळाला. पीओ आणि चलानची प्रत सोबत जोडली आहे.
>
> दरम्यान सर्व ४० नमुन्यांचा पीएच, विद्युतवाहकता, कठीणपणा आणि क्षारता मोजून झाली आहे. पहिली दोन प्रकरणं लिहून तयार आहेत, ती आपण सांगाल तेव्हा देते.
>
> नमुने १२ व १३ फेब्रुवारीचे असल्याने २८ दिवसांची मुदत उलटली आहे. म्हणून २८-२९ मार्चला दहा हातपंपांचं पाणी पुन्हा आणून जुन्या नमुन्यांशी ताडून पाहायचं ठरवलं आहे, आपली संमती असेल तर. एकूण १०० वाचनं होतील. मीटर आठवड्यातून तीन दिवस मिळतो, त्या हिशेबाने मोजणी १४ एप्रिलपर्यंत आणि लेखन २७ एप्रिलपर्यंत होईल. त्यानंतर दुरुस्त्यांसाठी दोन आठवडे राहतील.
>
> इलेक्ट्रोडची तपासणी शुक्रवारी, २७ मार्चला करत आहे. त्यात काही दोष आढळला तर त्याच संध्याकाळी कळवते, कारण तसं झाल्यास वरचं वेळापत्रक बदलेल.
>
> आपली विद्यार्थिनी

शब्दसखा

आता वाचायला छान वाटतंय. माझा सीसीचा सल्ला मी मागे घेतो.

बारव

पाठव. 'आपली संमती असेल तर' हे चांगलं केलंस, कारण फेरनमुने घ्यायचे की नाही हा निर्णय सरांचा आहे.

रानजाई

(३० मार्च) सगळ्यांना कळवायचं राहिलं. मेल २५ ला रात्री पाठवला, सकाळी सरांचं उत्तर आलं: "ठीक आहे. २४ एप्रिलला दे, मला २५ ते २८ बाहेर जायचंय, प्रवासात वाचीन. फेरनमुने अवश्य घे." तीन दिवस कमी मिळाले, पण फेरमोजणीसाठी दोन दिवस राखून ठेवलेत, त्यातून निभेल. सरांनी तोच मेल विभागप्रमुखांना जसाच्या तसा पुढे पाठवला.

शुक्रवारी उतार पहिल्यांदा ५१ आला आणि माझ्या पोटात गोळाच आला. टिसॅब मागच्या वर्षीचं होतं, त्याचा पीएच पाहिला तर ६.४. नवीन करून ५.३ ला आणलं, प्रमाण द्रावणंही ताजी केली, तेव्हा ५८.६ आला. तेव्हा प्रयोगशाळेत ३३ अंश होतं.

आज पहिले चार हातपंप जुने-नवे शेजारी ठेवून मोजले. तीन जुळले: १.८६ ला १.९१, २.४० ला २.३८, १.१२ ला १.१५. चौथ्याचं मात्र जुनं ०.९२ आणि नवं १.३१ आलं. दोन्ही दोनदा मोजले, तेच येतंय. पिण्याच्या पाण्याची मर्यादा १.० आहे, म्हणजे जुन्या आकड्याने हा हातपंप मर्यादेत बसतो आणि नव्याने बाहेर जातो. आता कोणता आकडा घेऊ?

बारव

५८.६ चांगला आहे. पीएच ६.४ ने एवढा उतार पडायला नको, जुनी प्रमाण द्रावणंच बिघडलेली असावीत. असो, दोन्ही बदललंस ते बरं केलंस.

चौथ्याचा आकडा आत्ताच कुठला घेऊ नकोस. प्लास्टिकच्या बाटलीत ठेवल्याने एवढा फरक पडेल असं वाटत नाही, आणि बाकीच्या तीनमध्ये तर तो पडलेलाच नाही. फेब्रुवारीतली त्या हातपंपाची विद्युतवाहकता तुझ्याकडे आहे. नव्या नमुन्याची आत्ता मोज. तीही वाढलेली असेल तर हातपंपाचं पाणीच बदललंय, उन्हाळ्यात पातळी खाली जाते तसं होतं. वाहकता तीच असेल तर मग बाटलीचा किंवा लेबलचा घोळ शोधावा लागेल.

सागरगोटा

नमुना घेण्याआधी पंप किती वेळ चालवला होता? दोन्ही वेळा सारखाच?

रानजाई

फेब्रुवारीत पाच मिनिटं चालवला होता. परवा तिथे बायकांची रांग होती, पंप सकाळपासून चालूच होता. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. वाहकता उद्या सकाळी ११ ला मोजते आणि इथे टाकते.